खणात सापडलेलं पार्कर ५१: खरं का, कधीचं आणि किती मोलाचं?

गोव्यातल्या जुन्या घरांत खण आवरायला घेतला की एखादं जुनं फाउंटन पेन हमखास निघतं. कुणाचे वडील जहाजावर तारवटी होते, कुणाचा काका आफ्रिकेत नोकरीला होता. त्यांच्या ट्रंकेतून अशी पेनं घरात आली. माझ्यासमोर येणाऱ्या पेनांत सगळ्यांत जास्त असतं पार्कर ५१ किंवा त्यासारखं दिसणारं काहीतरी. म्हणून इथे तेवढ्या एकाच पेनाबद्दल लिहितो.

गेल्या पावसाळ्यात डिचोलीचे एक काका असंच पेन घेऊन आले. काळपट लाल अंग, स्टीलचं टोपण, बाणाची क्लिप. "बाजारात एकाने सांगितलं की हा प्लम रंग आहे, फार दुर्मीळ. आणि निब सोन्याची. खरं का रे?" त्यांच्याच पेनावर आपण एकेक पायरी पाहू.

आधी पेनाकडे नुसतं बघा, पिळू नका. पार्कर ५१ची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते. कवचाखालून फक्त टोकाचा इवलासा भाग डोकावतो. टोपण आट्यांचं नसतं, सरळ सरकवून बसतं, आणि नळीवरच्या धातूच्या कड्याभोवती ते घट्ट धरलं जातं. तुमचं टोपण फिरवून बसत असेल तर ते २०२१ साली नव्याने काढलेलं ५१ असू शकेल, जुनं नव्हे. चीनच्या हीरो कंपनीची पेनंही बाहेरून अशीच दिसतात. त्यामुळे झाकलेली निब आणि बाणाची क्लिप एवढ्यावर पार्कर म्हणून मोकळं होऊ नका. टोपणाच्या खालच्या काठावर आणि नळीवर कोरलेली अक्षरं तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. अक्षरं बारीक, एकसारख्या खोलीची असावीत. काकांच्या पेनावर पार्करचं नाव, अमेरिकेत बनल्याचा उल्लेख आणि शेवटी एकटा आकडा होता: १.

हा आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. मग हे पेन १९४१चं की १९५१चं? याचं उत्तर शाई भरण्याच्या रचनेत आहे. ५१ बाजारात आलं १९४१मध्ये, तेव्हा त्यात व्हॅक्युमॅटिक पद्धत होती. अशा पेनाच्या शेपटाशी एक वेगळी छोटी टोपी असते. नळीवर तिच्या सांध्याची रेघ दिसते, ती काढली की आत दाबायची दांडी सापडते. १९४८पासून एरोमेट्रिक पद्धत आली. तिच्यात शेपटाला सांधा नसतो, संपूर्ण नळी आट्यांवरून उघडते आणि आत धातूचं आवरण व त्यात दाबायची पट्टी असते. काकांच्या नळीचं टोक गुळगुळीत होतं, सांधा नव्हता. म्हणजे एरोमेट्रिक, आणि म्हणून १९५१. पेन न उघडता एवढं कळलं.

आता नळी उघडायची. नखांनी किंवा पकडीने नको, दोन्ही हातांत रबराचा तुकडा धरून सावकाश. हलली नाही तर जोर करू नका, कारण वाळलेली शाई आट्यांत गोंदासारखी बसलेली असते. निबेकडची बाजू कवच बुडेल इतक्या साध्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. गरम पाणी किंवा स्पिरिट मुळीच नको; ५१चं अंग पारदर्शक काचेसारख्या प्लास्टिकच्या जातीचं आहे, स्पिरिटने त्यात बारीक तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत.

उघडल्यावर धातूच्या आवरणावर इंग्रजीत सूचना कोरलेली दिसते: पट्टी अमुक वेळा घट्ट दाबा. अनेक पेनांवर हा आकडा सहा असतो. बनावट पेनांत ही सूचना नसते किंवा वेडीवाकडी असते. आवरणाच्या आतली पिशवी पारदर्शक प्लास्टिकची असते. व्हॅक्युमॅटिकमधला रबरी पडदा वयोमानाने मेलेलाच असतो, तो बदलावाच लागतो; ही पिशवी मात्र पंच्याहत्तर वर्षांनीही लवचिक राहिलेली मी पाहिली आहे. आपल्या दमट हवेत लिव्हरवाल्या पेनांची आतली पोलादी पट्टी गंजून रबर फाडते, ते दुखणं इथे नाही. तपासायला कवच पाण्यात बुडवून पट्टी दाबा. आधी बुडबुडे, मग सोडल्यावर पाणी आत आलं पाहिजे. काकांच्या पिशवीतून तीनदा निळं पाणी निघालं आणि चौथ्यांदा ती स्वच्छ भरली.

निबेचं सोनं पाहण्यासाठी कवच फिरवू नका. ते चिकटवलेलं असतं आणि उघडताना हमखास तडकतं. टोकाचाच रंग पुरेसा बोलतो. पिवळसर असेल तर १४ कॅरेट सोन्याची निब, चंदेरी असेल तर स्पेशल या स्वस्त आवृत्तीतली ऑक्टेनियम नावाची पोलादी निब. काकांची निब पिवळी, म्हणजे सोन्याची. पण सोनाराला विचारून पेनाचं मोल काढू नका. ही निब इतकी लहान आहे की तिच्यातल्या सोन्याला वजनावर काही भाव नाही. बघायचं ते टोकाचा कडक मणी. घड्याळजीचं भिंग घ्या. दोन्ही पाती समोरासमोर, सारख्या उंचीची आणि मणी गोल असावा. एका बाजूने सपाट झिजला असेल तर ती आधीच्या मालकाच्या हाताची खूण. काकांच्या वडिलांनी बराच पत्रव्यवहार केलेला असणार, मणी उजवीकडे किंचित झिजला होता. तरीही कागदावर पेन अडखळलं नाही.

राहिला रंग. पार्करने ५१ला प्लम रंग खरोखरच दिला होता, पण १९४८-४९च्या सुमारास आणि थोडाच काळ. त्यामुळे तो दुर्मीळ आहे आणि संग्राहक त्यासाठी जास्त मोजतात. बल्बच्या उजेडात साधा बरगंडीही तसाच जांभळट दिसतो. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात धरा: बरगंडीत लाल झाक उठून दिसते, प्लममध्ये तपकिरी-जांभळी. काकांचं पेन लाल होतं, आणि आकडा १९५१ सांगत होता. दोन्ही खुणा एकाच बाजूला गेल्या. ते बरगंडीच.

भाव ठरवताना मी टोपणाकडे सर्वांत कठोरपणे बघतो. या स्टीलच्या टोपणावर मूळची मंद, रेशमी झाक असते. कुणी चकचकीत पॉलिश करून घेतलं की ती गेली आणि भावही गेला, म्हणून टूथपेस्ट किंवा पॉलिश लावू नका. नळी आणि टोपण एकाच काळाचं आहे ना, हेही बघा. क्लिपवर निळा हिरा असलेलं टोपण १९५१च्या नळीवर बसलं असेल तर ते बहुधा दुसऱ्या पेनाचं आहे. काकांचं टोपण मूळचंच होतं, झाकही शाबूत, पण नळीवर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. बहुतेक संग्राहक अशा पेनाला कमी देतात.

किंमत शोधताना विकणाऱ्याने मागितलेला आकडा धरू नका, लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या तशाच पेनाचा धरा: तोच रंग, तेच टोपण, तीच अवस्था. दुरुस्त करून तपासलेलं पेन आणि खणातून निघालेलं पेन यांच्या किमतीत मोठा फरक असतो, त्यामुळे तुलना सारख्या अवस्थेशी करा. ५१ लाखोंनी बनलं, त्यामुळे स्टीलच्या टोपणाचं साधं बरगंडी हे लिहिण्याचं उत्तम पेन, पण दुर्मीळ नाही.

मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नळीवरचं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि विचारलं, "मग यात कुठली शाई घालू?" साधी निळी, पाण्यात विरघळणारी, मी म्हटलं. फाउंटन पेनासाठी नसलेली इंडियन इंक नको, ती आत वाळली की निघत नाही.