जास्त फ्लोराइडच्या पाण्यासाठी घरचा ॲल्युमिना फिल्टर: बसवण्याआधीची तयारी

फिल्टर आणण्याआधी हातात एक आकडा हवा, तो म्हणजे आपल्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. त्याशिवाय केलेली सगळी खरेदी अंदाजपंचे. हाच फ्लोराइड काही शहरांत पाण्यात मुद्दाम घालतात आणि काही गावांत पाण्यातून काढावा लागतो. फरक फक्त प्रमाणाचा आहे. साधारण 0.7 मिलिग्रॅमच्या आसपास दातांना फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 1.5 आहे. त्यापुढे इनॅमलवर खडूसारखे पांढरे आणि नंतर तपकिरी डाग येण्याचा धोका वाढत जातो, आणि त्याहूनही जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आखडतात, हाडे दुखू लागतात.

फायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात 1945 साली सार्वजनिक पाणीपुरवठ्यात पहिल्यांदा फ्लोराइड घालण्यात आले. लाळेत सतत थोडा फ्लोराइड राहिला की आम्लाने झिजलेल्या इनॅमलमध्ये खनिजे पुन्हा भरली जातात आणि कीड लागायला वेळ लागतो. जुन्या अभ्यासांत हा फायदा मोठा दिसत होता. फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी पोचल्यावर तो कमी झाला, पण दंतवैद्याकडे सहज जाता न येणाऱ्या मुलांसाठी त्याला अजून किंमत आहे. फ्लोराइड घालणाऱ्या केंद्रांनाही आधी पाण्यातले नैसर्गिक प्रमाण मोजावेच लागते. मूळ पाण्यात 0.3 असेल तर 0.4 घालायचा, आणि मुळातच 0.9 असेल तर घालायचाच नाही. इथून पुढची तयारी मात्र ज्यांच्या बोअरवेलचे पाणी 1.5 च्या वर आहे त्यांच्यासाठी आहे.

नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि पंप पाच मिनिटे चालवून झाल्यावरच भरा, कारण पाइपात थांबलेले पाणी विहिरीचे खरे चित्र दाखवत नाही. प्रयोगशाळेला फ्लोराइडसोबत सामू आणि क्षारता मोजायला सांगा, कारण फिल्टर किती दिवस चालेल हे त्यांवरही ठरते. ग्रॅनाइटसारख्या खडकातून येणारे, चव मऊ लागणारे, कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी असेल तर फ्लोराइडचा संशय आधी घ्यावा. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधला जाऊन खाली बसतो. कॅल्शियम नसेल तर तो पाण्यातच राहतो. रंग, वास, चव यांवरून मात्र काहीच कळत नाही.

आकडा आला की जवळचे दुसरे पाणीही तपासून घ्या. एकाच गावात खोल बोअरला 4 आणि उथळ विहिरीला 0.3 असे होऊ शकते. पिण्यापुरते चांगले पाणी दुसरीकडून मिळत असेल तर फिल्टरचा व्याप कशाला? ते थोडे कमी पडत असेल तर दोन्ही मिसळा. 0.3 चे 16 लिटर आणि 4 चे 4 लिटर एकत्र केले की 20 लिटर पाणी साधारण 1.04 चे होते. पावसाचे साठवलेले पाणीही मिसळायला चालते, फक्त त्यातले जंतू वेगळे मारावे लागतात.

फिल्टर घ्यायचाच ठरला तर आधी काही गैरसमज बाजूला ठेवू. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात तो जास्त दाट होतो. मेणबत्तीचा फिल्टर आणि साधा कोळसा यांचाही इथे उपयोग नाही. गाळ बसवायला फिरवतो तेवढ्या तुरटीने काही होत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटीच वापरतात, पण तिचे प्रमाण लिटरला शेकडो मिलिग्रॅम असते, सोबत चुना लागतो, आणि रोज ढवळून निवळण्यासाठी वेळ द्यावा लागतो. आरओने फ्लोराइड चांगला निघतो, पण त्याला वीज लागते आणि बरेच पाणी वाया जाते. वीज नसताना, रोजचे ढवळणे टाळून एका घराचे काम भागवायचे असेल तर ॲक्टिवेटेड ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइडला धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, सोयीचा पडतो.

सामान असे जमवा. एकावर एक बसणारी दोन भांडी हवीत, स्टीलची किंवा अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची. वरच्या भांड्यात 3 किलो ॲल्युमिना मावला पाहिजे आणि त्याचा थर सुमारे 17 सेंटिमीटर उंच झाला पाहिजे, म्हणजे भांड्याचा आतला व्यास साधारण 16 सेंटिमीटर लागतो. जास्त रुंद भांडे घेतले तर थर पातळ होतो आणि पाणी पुरेसा वेळ न थांबता निघून जाते. दाणे अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास, साखरेच्या बारीक दाण्याएवढे असावेत. खरेदी करताना माल फ्लोराइड काढण्याच्या दर्जाचा आहे असे लेखी मागा, कारण हवा कोरडी करण्यासाठी मिळणाऱ्या मोठ्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. खाली दाणे अडवणारी जाळी हवी आणि थरावर ठेवायला भोके असलेली चकती हवी. चकती नसेल तर ओतलेल्या पाण्याची धार थरात खड्डा पाडते आणि सगळे पाणी त्या एकाच वाटेने खाली उतरते. खालच्या भांड्याला नळ आणि वरच्याच्या तळाला वेग आवरणारे लहान छिद्र किंवा झडप, एवढे झाले की जोडणी पूर्ण.

ॲल्युमिना भरण्याआधी बादलीत भरपूर पाण्याने धुवा. पहिले पाणी दुधासारखे निघते, ती बारीक भुकटी असते. पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि भरल्यानंतरचे पहिले 20 लिटर पिऊ नका. मग वेग बघा. फिल्टर तासाला 10 लिटरपेक्षा जास्त चालू नये. घड्याळ लावून एक लिटरचे माप धरा, ते भरायला सहा मिनिटे लागली पाहिजेत. तीन मिनिटांत भरले तर छिद्र लहान करा. सहा मिनिटांच्या वेगाने पाणी थरातून जायला वीसेक मिनिटे घेते आणि फ्लोराइडला दाण्यांवर चिकटायला तेवढा वेळ मिळतो.

आता हिशोब. पाणी 4 मिलिग्रॅमचे आहे आणि गाळून सरासरी 0.5 चे हवे, म्हणजे लिटरमागे 3.5 मिलिग्रॅम काढायचे. विक्रेते ॲल्युमिनाची जी क्षमता सांगतात ती बहुधा 5 ते 6 सामू असलेल्या पाण्यावर मोजलेली असते. बोअरचे पाणी सहसा 7.5 च्या वर असते, त्यात बायकार्बोनेट आणि सिलिका फ्लोराइडची जागा अडवतात. म्हणून नियोजनासाठी किलोमागे दीड ग्रॅमच धरा. 3 किलोला साडेचार ग्रॅम, म्हणजे 4500 मिलिग्रॅम. त्याला 3.5 ने भागले की 1285 लिटर येतात. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज 20 लिटर पुरतात, तेव्हा फिल्टर साधारण 64 दिवस चालेल. स्वयंपाकाचे पाणी वगळू नका. शिजताना पाणी आटते आणि त्यातला फ्लोराइड अन्नात राहतो. अंघोळ आणि धुण्यासाठी मात्र कच्चे पाणी खुशाल वापरा, त्यासाठी फिल्टर झिजवण्यात अर्थ नाही.

हे 64 दिवस कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात सुरुवातीला गाळलेल्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतोच, मग तो हळूहळू वाढतो, आणि थर फ्लोराइडने भरला की कसलीही चाहूल न देता पाणी जवळजवळ कच्च्यासारखेच येऊ लागते. वेग मंदावत नाही, चव बदलत नाही. म्हणून पहिला दीड महिना पंधरा दिवसांनी आणि नंतर दर आठवड्याला नळाचे पाणी तपासा, आणि 1 चा आकडा दिसला की फिल्टर थांबवा, 1.5 ची वाट पाहू नका. तारीख आणि आकडा भिंतीवरच्या वहीत लिहिलेला असला की पुढच्या वेळी हिशोब नेमका बसतो. रंग बदलणारा किट वापरत असाल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला पकडून ठेवते आणि किट खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो. नव्याने धुतलेल्या किंवा पुनर्भारित, म्हणजे रसायनांनी धुऊन पुन्हा वापरायोग्य केलेल्या, थराच्या पाण्यात ही शक्यता जास्त. शंका आली तर फ्लोराइड इलेक्ट्रोड असलेल्या आणि ॲल्युमिनियमची पकड सोडवणारे बफर वापरणाऱ्या प्रयोगशाळेकडून एकदा ताडून घ्या. पहिल्या काही आठवड्यांत जवळपास फ्लोराइड नसलेले पाणी मुलांच्या पोटात जाते, त्याचे नुकसान नाही. दातांचे काम फ्लोराइडच्या टूथपेस्टने भागते, लहान मुलांना वाटाण्याएवढी आणि थुंकायला शिकवून.

ॲल्युमिना जंतू मारत नाही, उलट ओल्या थरात ते वाढू शकतात. म्हणून गाळलेल्या पाण्यात नेहमीप्रमाणे क्लोरीन घाला. फिल्टर काही दिवस बंद राहिला तर पहिली दोन भांडी पाणी टाकून द्या.

थर भरला की पुनर्भारण करायचे. हे काम स्वयंपाकघरात करू नका. गावातल्या अनेक फिल्टरांचे ॲल्युमिना पिशव्यांत जमवून प्रशिक्षित माणसाने एका ठिकाणी करणे बरे. त्याने रबरी हातमोजे आणि चष्मा घालायचाच. ॲल्युमिनाची कापडी पिशवी 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवलेल्या द्रावणात आठ तास ठेवायची, अधूनमधून हलवायची, मग साध्या पाण्याने धुवायची. त्यानंतर सौम्य सल्फ्युरिक आम्लात आणखी आठ तास. 10 लिटर पाण्याला 110 मिलिलिटर तीव्र आम्ल लागते आणि ते पाण्यात सावकाश ओतायचे. आम्लात पाणी कधीच ओतू नये, ते उसळून अंगावर येते. आम्लाचा टप्पा गाळला तर दाण्यांचा पृष्ठभाग अल्कलीच राहतो आणि फ्लोराइड चिकटतच नाही. नुकतेच पुनर्भारण केलेला फिल्टर फ्लोराइड काढत नसेल तर पहिले कारण बहुधा हेच असते. शेवटी सामू 7 च्या आसपास येईपर्यंत धुवायचे. दर वेळी थोडा ॲल्युमिना विरघळून जातो, तेवढी भर घालून थर पुन्हा 17 सेंटिमीटर करायचा.

कॉस्टिकचे ते 10 लिटर द्रावण कुठे जाणार हे पुनर्भारणाच्या आधीच ठरलेले हवे. दोन महिन्यांचा साडेचार ग्रॅम फ्लोराइड त्यात उतरलेला असतो, म्हणजे लिटरला सुमारे 450 मिलिग्रॅम, मूळ पाण्याच्या शंभरपटीहून जास्त. ते बोअरजवळ ओतले तर तोच फ्लोराइड परत वर येईल. वापरलेले आम्ल त्यात मिसळून तीव्रता कमी करायची, मग चुना घालून ढवळायचे. फ्लोराइडचा बराच भाग कॅल्शियमसोबत गाळ होऊन खाली बसतो. वरचे पाणी तरीही पिण्याच्या किंवा जनावरांच्या कामाचे नसते, ते अस्तर लावलेल्या उथळ टाकीत उन्हात आटवायचे. उरलेला गाळ विहिरी आणि ओढ्यापासून दूर, अस्तर लावलेल्या खड्ड्यात टाकायचा आणि खड्डा पावसाचे पाणी आत जाणार नाही असा झाकायचा.