लांब पाइपलाइनमध्ये गॅसचा दाब आणि प्रवाह काढताना या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आपल्या कोल्हापूरकडच्या औद्योगिक वसाहतींत गॅसची लाइन कुठून कुठे न्यायची हा विषय निघाला की कोणीतरी एक्सेलची शीट घेऊन येतं, आणि त्या शीटमध्ये त्याच त्या चुका सापडतात. सूत्र बरोबर असतं, चूक असते ती त्यात घातलेल्या आकड्यांत आणि आलेल्या उत्तराकडे बघण्यात. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो आणि सगळ्या चुका त्याच्यावरच दाखवतो.

जमिनीखालून जाणारी 8 किलोमीटरची स्टीलची लाइन, आतला व्यास 100 मिलिमीटर. गॅस म्हणजे जवळजवळ मिथेनच. तापमान 27 अंश सेल्सिअस, म्हणजे 300 केल्विन. सुरुवातीच्या गेजवर 4 बार, शेवटच्या गेजवर 1.5 बार. किती गॅस जातो?

पुरलेल्या लांब लाइनमध्ये गॅस सावकाश जातो आणि भोवतालच्या मातीचंच तापमान धरून राहतो. म्हणून तापमान स्थिर धरलेलं सूत्र इथे चालतं:

```
p1² − p2² = (m/A)² · R · T · ( f·L/D + 2·ln(p1/p2) )
```

p1 आणि p2 म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, L आणि D म्हणजे पाइपची लांबी आणि आतला व्यास, m म्हणजे सेकंदाला किती किलो गॅस, A म्हणजे पाइपच्या आतलं क्षेत्रफळ, f हा डार्सीचा फ्रिक्शन फॅक्टर. R त्या गॅसचा स्वतःचा घ्यायचा: 8314 भागिले रेणुभार, मिथेनसाठी साधारण 518. दाब पास्कलमध्ये, तापमान केल्विनमध्ये. 27 अंश तसेच घालणारे अजून भेटतात. त्यांचं उत्तर तिपटीहून जास्त येतं आणि तरी त्यांना शंका येत नाही.

चूक पहिली: गेजचा दाब तसाच घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सूत्रातले दाब निरपेक्ष आहेत, म्हणजे गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवायचा. पाण्याच्या लाइनची सवय असलेल्यांना हे पटत नाही, कारण तिथे फरकच घ्यायचा असतो आणि वातावरण दोन्हीकडून कटून जातं. इथे दाबाचा वर्ग आहे. वर्ग केला की ते कटत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंच आहे, त्यामुळे इथला वातावरणाचा दाब 1.013 बार नसून 0.95 बारच्या आसपास असतो. तोच घ्या. म्हणजे आपल्या लाइनचे दाब झाले 4.95 आणि 2.45 बार. वर्गांचा फरक 24.5 उणे 6.0, म्हणजे 18.5. गेजचेच आकडे घातले तर 16 उणे 2.25, म्हणजे 13.75, आणि प्रवाह 14 टक्के कमी दिसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. एका कारखान्याच्या जोडणीचं काम चाललं होतं तेव्हा एक नवा इंजिनिअर माझ्याकडे शीट घेऊन आला. त्याला उलटं गणित करायचं होतं: तासाला 812 किलो गॅस लागतो, सुरुवातीला 4 बार आहे, तर शेवटी किती उरेल? त्याने गेजचे आकडे घातलेले. 16 उणे 18.5 म्हणजे ऋण 2.5, आणि वर्गमूळाच्या जागी `#NUM!`. आता इथे माणसाने थांबून विचार करावा की नाही? त्याने काय केलं, तर असं लिहिलं:

```
=SQRT(ABS(B2^2-B7))
```

ऋण चिन्ह गेलं आणि उत्तर आलं 1.58 बार. खरं उत्तर 1.5. योगायोगाने इतकं जवळ आलं की वरच्या कोणालाही खटकलं नाही. पुढे मागणी वाढवून तासाला 900 किलो करायचं ठरलं, तेव्हा त्याच शीटने सांगितलं की शेवटचा दाब 2.59 बार होईल.

"सर, लोड वाढवला तरी प्रेशर चांगलं मिळतंय," तो म्हणाला.

"अरे, लोड वाढवल्यावर प्रेशर वाढतंय हे तुला खटकत नाही? वातावरण कुठं घातलंस यात?"

वातावरण मिळवून केलं तर 900 किलोला शेवटी गेजवर जेमतेम 0.4 बार उरतो. कारखान्याच्या रेग्युलेटरला किमान 1 बार हवा होता. त्या शीटवर विसंबून काम झालं असतं तर पूर्ण लोडवर बर्नर विझले असते.

माझी सवय साधी आहे. शीटमध्ये गेज आणि निरपेक्ष यांचे वेगवेगळे रकाने ठेवतो, आणि उत्तर आलं की प्रवाह थोडा वाढवून शेवटचा दाब पडतो का ते बघतो. दाब पडला नाही तर शीट चुकीची आहे, बाकी काही तपासायची गरज नाही. आणि `ABS` लावून चूक झाकणं मला अजिबात मान्य नाही. वर्गमूळाखाली ऋण आकडा येणं हेच उत्तर असतं: एवढा गॅस या लाइनमधून जाणार नाही, किंवा आकडे चुकलेत.

चूक दुसरी: f चा घोळ

f काढायला प्रवाह लागतो आणि प्रवाह काढायला f लागतो, म्हणून नवखे घाबरतात आणि कुठल्यातरी जुन्या शीटमधला f उचलतात. एवढं घाबरण्यासारखं त्यात काही नाही. f 0.02 धरा, प्रवाह काढा, त्यावरून रेनॉल्ड्स नंबर काढा, मूडी चार्टवर नवा f बघा, पुन्हा प्रवाह काढा. आपल्या लाइनमध्ये रेनॉल्ड्स नंबर अडीच लाखाच्या आसपास येतो आणि नव्या स्टीलसाठी f 0.018. त्यानंतर तो फारसा हलत नाही.

पुष्कळजण विचारतात की गॅस पुढे जाताना वेग वाढतो, मग f बदलत नाही का? नाही. रेनॉल्ड्स नंबरमध्ये वेग आणि घनता यांचा गुणाकार असतो. वेग वाढतो त्याच प्रमाणात घनता कमी होते, गुणाकार तोच राहतो. तापमान स्थिर म्हणून चिकटपणाही तोच. म्हणून संपूर्ण लाइनला एकच f.

खरा धोका फॅनिंगचा. केमिकलवाल्यांच्या पुस्तकांत बऱ्याचदा फॅनिंगचा f असतो, तो डार्सीच्या चौथा हिस्सा. तो या सूत्रात घातला तर प्रवाह दुप्पट दिसतो. ओळखायची खूण: संथ प्रवाहासाठी 64/Re लिहिलं असेल तर डार्सी, 16/Re असेल तर फॅनिंग.

आता उत्तर काढू. fL/D झाला 1440, आणि लॉगचं पद 1.4. म्हणजे लांब लाइनमध्ये लॉगचं पद सोडलं तरी चालतं, पण ते किती आहे हे एकदा काढून मगच सोडा. प्रवाह येतो सेकंदाला 0.2256 किलो, तासाला 812 किलो. 15 अंश आणि 1.013 बारला मोजलेल्या घनमीटरमध्ये सांगायचं तर तासाला सुमारे 1200.

चूक तिसरी: दाब सरळ रेषेत पडतो असं समजणं

ही चूकही माझ्या डोक्यात जाते, कारण हिच्यामुळे विनाकारण रस्ते खोदले जातात.

आपल्या लाइनच्या बरोबर मध्यावर, चौथ्या किलोमीटरला, वॉल्व्हच्या चेंबरमध्ये एक गेज आहे असं समजा. सुरुवातीला 4, शेवटी 1.5, तर मध्ये पावणेतीन हवा असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात गेज दाखवतो 2.96. मग सुरू होतं: पहिल्या निम्म्या भागात 1.04 बारच पडला आणि दुसऱ्या निम्म्या भागात 1.46, म्हणजे पुढे कुठेतरी पाणी साचलंय, कचरा अडकलाय. एका ठिकाणी तर जेसीबी बोलावण्यापर्यंत तयारी झाली होती, आणि लाइनमध्ये काही म्हणजे काही अडकलेलं नव्हतं.

कारण असं. दाब कमी झाला की गॅस फुगतो. फुगला की तोच वजनी प्रवाह नेण्यासाठी त्याला जास्त वेगाने पळावं लागतं. आपल्या लाइनमध्ये वेग सुरुवातीला सेकंदाला 9 मीटर आहे आणि शेवटी 18. वेग जास्त तिथे घर्षणाने दाबही जास्त पडणार. म्हणून शेवटच्या किलोमीटरमध्ये दाब सगळ्यात झपाट्याने उतरतो.

सरळ रेषेत उतरतो तो दाबाचा वर्ग. निरपेक्ष दाबाचा वर्ग काढून अंतरासमोर मांडा. निरोगी लाइनमध्ये गेजवर 2, 4 आणि 6 किलोमीटरला अनुक्रमे 3.51, 2.96 आणि 2.31 यायला हवेत. एखाद्या टप्प्यात वर्गाच्या रेषेचा उतार अचानक वाढला, तरच तिथे काहीतरी अडकलंय असं म्हणा. मी आधी कागदावर ही रेषा काढतो आणि मगच खोदाईचं नाव काढतो. सगळे गेज एकाच वेळी, स्थिर लोडवर वाचलेले हवेत. एक सकाळी आणि दुसरा जेवणानंतर वाचला तर त्या रेषेला अर्थ नाही.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे सुरुवातीची घनता धरून पाण्यासारखं गणित करणं. तसं केलं तर दाब 1.87 बारच पडतो असं येतं, खरा पडतो 2.5. घाई असेल तर दोन्ही टोकांच्या निरपेक्ष दाबांची सरासरी घेऊन घनता काढा. लॉगचं पद नगण्य असेल तिथे हा मार्ग बरोबर उत्तर देतो, कारण वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. हा एवढा एक शॉर्टकट मला मान्य आहे.

बाकीच्या, थोडक्यात

पीई पाइपचा 110 हा आकडा बाहेरचा व्यास आहे. एसडीआर 11 च्या पाइपला आत 90 मिलिमीटरच उरतात, आणि 110 धरलं तर प्रवाह खऱ्याच्या दीडपटीहून जास्त दिसतो.

झेड म्हणजे खरा गॅस आदर्श गॅसपासून किती ढळतो ते सांगणारा आकडा. 5 बारला मिथेनचा झेड 0.99 च्या आसपास असतो, तो सोडला तरी चालेल. 50 बारच्या मुख्य लाइनला सोडू नका.

रेग्युलेटरच्या लगेच पुढच्या लाइनवर हे सूत्र लावू नका. तिथे गॅस थंड झालेला असतो आणि मातीचं तापमान घ्यायला त्याला अंतर लागतं.

शेवटचा दाब पाडून जास्त गॅस ओढता येईल, ही आशाही सोडा. आपल्या लाइनमध्ये शेवटचा निरपेक्ष दाब 2.45 वरून 1.2 वर आणला, म्हणजे निम्म्याहून कमी केला, तर प्रवाह फक्त 12 टक्के वाढतो, आणि टोकाचा वेग मात्र सेकंदाला 41 मीटरवर जातो, मग आवाज आणि धूळ आलीच. स्थिर तापमानाच्या प्रवाहाला एक कमाल मर्यादाही असते. या लाइनसाठी ती शेवटी 0.13 बार निरपेक्ष दाबाला येते, म्हणजे वातावरणाच्या खूपच खाली, त्यामुळे इथे ती आड येत नाही. आखूड, जास्त दाबाच्या लाइनला मात्र ती आधी तपासा. गॅस खरोखर जास्त हवा असेल तर व्यास वाढवा: प्रवाह व्यासाच्या अडीचाव्या घातासोबत वाढतो, 100 ऐवजी 125 मिलिमीटर आतला व्यास घेतला की त्याच दाबांत पाऊणपट गॅस जास्त मिळतो.