पार्सलचा बनावट मेसेज: या चुका टाळा

‘पत्ता अपूर्ण असल्याने तुमचे पार्सल परत गेले आहे. 12 तासांत किरकोळ शुल्क भरून नवी तारीख निवडा.’ खाली एक लिंक. असा मेसेज आला की नजर आधी रकमेवर जाते, आणि एवढीशी तर रक्कम आहे, भरून टाकू, असं वाटतं. पहिली चूक इथेच होते. भामट्याला त्या शुल्कात रस नसतो. त्याला कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि मागोमाग येणारा ओटीपी हवा असतो.

दुसरी चूक म्हणजे लिंकमध्ये कंपनीचं नाव दिसलं की विश्वास ठेवणं. हा नमुना पाहा:

```
https://asli-courier.com.navi-tarikh.example/pay
```

`https://` नंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत जा. रेघेला चिकटलेलं `navi-tarikh.example` हे साइटचं खरं नाव. त्याच्या डावीकडे साइटचा मालक हवं ते लिहू शकतो, त्यामुळे तिथल्या `asli-courier.com` ला काही अर्थ नाही. कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका. साइटशी होणारी देवाणघेवाण मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. साइट कुणाची आहे हे नाही. लिंक छोटी केलेली असेल तर हे नावही दिसत नाही.

मेसेज कुरियरच्या जुन्या, खऱ्या मेसेजांखालीच आला तरी तो खरा ठरत नाही. पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं आणि फोन एकाच नावाचे मेसेज एकत्र दाखवतो. ‘लिंक उघडत नसेल तर Y पाठवा’ असं लिहिलेलं असेल तर उत्तर देऊ नका. आयफोन अनोळखी नंबरवरून आलेली लिंक बंद ठेवतो, आणि तुम्ही उत्तर दिलं की ती चालू होते.

सगळ्यात महागात पडते ती ओटीपी न वाचता टाकण्याची चूक. तुम्ही बनावट पानावर कार्डाची माहिती भरत असता, त्याच वेळी भामटा ती स्वतःच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये टाकत असतो. म्हणून बँकेच्या मेसेजमध्ये शुल्काचा उल्लेखच नसतो. ‘कार्ड नव्या उपकरणात जोडण्यासाठी’ अशा अर्थाचं काहीतरी असतं. घाईत आपण फक्त आकडे पाहतो. रक्कम किंवा कारण जुळत नसेल तर तिथेच थांबा.

परदेशातून आलेल्या पार्सलवर कधी कधी खरंच शुल्क लागतं. म्हणून मेसेजमधली लिंक सोडा, जिथे ऑर्डर दिली ते ॲप स्वतः उघडा किंवा ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करा. शुल्क खरं असेल तर तिथे दिसेलच.

माहिती भरून झाली असेल तर ‘पेमेंट अयशस्वी’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डाची माहिती तोवर पोहोचलेली असते. कार्डामागे छापलेल्या नंबरवर लगेच फोन करून कार्ड बंद करा. ते एखाद्या वॉलेटमध्ये जोडलं गेलंय का, हे बँकेला स्पष्ट विचारा आणि ती जोडणी काढायला लावा. नुसता पिन बदलून ती तुटत नाही.