जुना फोटो सरळ करायचा, पण कोणत्या रेषेवर?

अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या घरात काढलेला आत्याच्या लग्नाचा एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, चारी बाजूंनी पांढरी किनार. ६०० डीपीआयला स्कॅन केला, तेव्हा कागद काचेवर किंचित तिरका बसला होता. असा फोटो सरळ कसा करायचा आणि कापायचा कसा, ते याच फोटोवर सांगतो. मी GIMP वापरतो, ते फुकट मिळतं.

स्कॅन करताना फोटोभोवती बोटभर जागा सोडा आणि फोटोच्या पाठीमागे काळा कागद ठेवा. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं, त्यात पांढरी किनार हरवते आणि कडा कुठे संपते तेच कळत नाही. मूळ स्कॅन तसाच ठेवून सगळं काम त्याच्या प्रतीवर करा.

आधी सरळ करायचं, मग कापायचं. उलट केलंत तर फिरवल्यावर कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण येतात आणि पुन्हा कापावं लागतं.

तिरकेपणा डोळ्यांनी जोखू नका, मोजा. Shift+M दाबलं की मोजपट्टीचं साधन येतं. किनारीच्या आतल्या कडेचं खालचं डावं टोक धरून उजव्या टोकापर्यंत ओढा. रेषा जितकी लांब, तितकी चूक कमी. माझ्या फोटोत ३००० पिक्सेलच्या कडेचं उजवं टोक ५२ पिक्सेल वर होतं, म्हणजे तिरकेपणा जवळजवळ १ अंश. तिथलंच Straighten बटण दाबलं की कड आडवी होते.

मी ते दाबलं आणि किनार सरळ झाली, पण फोटोतलं घर अजून कललेलंच दिसत होतं. बऱ्याच जुन्या फोटोंत असं होतं, कारण तिरकेपणा दोन प्रकारचा असतो. एक स्कॅनरवर कागद तिरका बसल्याचा, दुसरा फोटो काढताना कॅमेराच हातात कलल्याचा. पांढरी किनार डार्करूममध्ये चौकटीने पडते, ती पहिल्याची साक्ष देते. दुसऱ्याची साक्ष फोटोतच शोधावी लागते.

इथे ओट्याची कड किंवा जमिनीची रेषा धरू नका. फोटोग्राफर जरा बाजूला उभा असला की लांब जाणाऱ्या आडव्या रेषा तिरक्याच दिसतात, आणि त्या तशाच असायला हव्यात. मातीची भिंत, हाताने तासलेला खांब यांचाही भरवसा नाही. टांगलेली वस्तू मात्र ओळंब्यात असते. आमच्या फोटोत मागे रिकामी बंगई आहे. तिची एक कडी फोटोच्या मध्याजवळ लोंबते. ती मोजली, तर अजून अर्धा अंश फिरवायला हवा होता. कंदिलाची दोरीही चालते. तसं काही नसेल, तर मधल्या भागातली दाराची चौकट धरा. डावीकडचा खांब एका बाजूला आणि उजवीकडचा उलट बाजूला झुकलेला असेल, तर तो कॅमेरा वर किंवा खाली धरल्याचा परिणाम आहे. तो फिरवून जाणार नाही.

मग किनारीप्रमाणे १ अंश फिरवायचं की कडीप्रमाणे दीड? किनार ठेवणार असाल, तर किनारीप्रमाणे. किनार कापणार असाल, तर कडीप्रमाणे. पण इथे एक अडचण होती. डाव्या कडेला, दारातून डोकावणारा एका पोराचा अर्धा चेहरा आहे. किनारीपेक्षा अर्धा अंश जास्त फिरवलं, तर किनारीची तिरकी पाचर काढताना त्या बाजूने सोळाएक पिक्सेल जातात, त्यात त्याचा कान गेला असता. म्हणून मी १.२५ अंशावर थांबलो. राहिलेला पाव अंश डोळ्याला जाणवत नाही, आणि कापणी आठ पिक्सेलवर आली, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर.

आकडा ठरला की Ctrl+Z करून मागे या आणि Shift+R ने एकदाच फिरवा. कोनाच्या चौकटीत 1.25 लिहा. तो आकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतो, उलट हवं असेल तर आधी उणे चिन्ह द्या. आधी १, मग पाव असं दोनदा फिरवू नका. दर वेळी प्रत्येक पिक्सेल शेजारच्यांवरून नव्याने काढला जातो आणि चेहऱ्याची धार थोडी बोथट होते.

कापायला Shift+C. Fixed वरची खूण काढा, नाहीतर ठरावीक प्रमाण सांभाळायला माणसं कापली जातात. चारही कोपऱ्यांवर १००% झूम करून पाहा. किनारीची कड पुसट असते, म्हणून तीन-चार पिक्सेल आत या. ठीक वाटलं की एंटर. शेवटी File मधल्या Export As ने TIFF किंवा PNG म्हणून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यावरून वेगळी JPEG काढा.

प्रिंट काढून आत्याकडे नेला. तिने नवरा-नवरीकडे पाहण्याआधी डाव्या कडेवर बोट ठेवलं, "हाऊ कोन शे?" आणि स्वतःच हसली. तो माझा धाकटा काका होता.