दुकानदाराचा एकच दिवस पुन्हा पुन्हा: कालचक्राची गोष्ट लिहिताना या चुका टाळा

माझी गोष्ट ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका किराणा दुकानाची आहे. जुलै महिन्यातला गुरुवार. संध्याकाळी ६:२० ला दुकानातला मुलगा बाळू शिडीवरून पडतो आणि मालक अण्णा तोच दिवस पुन्हा जगू लागतात. पहिला खर्डा मी एका दुकानदार मित्राला वाचायला दिला. तिसऱ्या पानावर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही उधारी वहीत कुठून आली?"

अण्णांनी दुसऱ्या फेरीत वहीत लिहिलेली नोंद मी तिसऱ्या फेरीत त्यांना वाचायला लावली होती. दिवस मागे जातो म्हटल्यावर शाईसुद्धा मागे जायला हवी. म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की ठरवा: मागे काय जातं आणि काय सोबत येतं. मी ठरवलं की फक्त अण्णांची आठवण येते. मग गल्ल्यात दर सकाळी तेच १,३४० रुपये असणार, विकलेली साखर पोत्यात परत असणार आणि वसूल केलेली उधारी पुन्हा बाकी असणार. चक्र सुरू होण्याआधी, बुधवारी फेडलेली उधारी मात्र फिटलेलीच राहते. अण्णांना काही टिपून ठेवता येत नाही, ते तोंडपाठच करावं लागतं. त्यामुळे कितीही फेऱ्या झाल्या तरी त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाचा हिशोब पैशापैशाने आठवतो असं लिहू नका. दुकानदाराची स्मरणशक्ती चांगली असते, पण माणसाची असते.

दुसरी चूक वेळेची. बहुतेक जण नायकाला रोज अंथरुणात जागं करतात, कारण ते सोयीचं असतं. झोपल्यावर दिवस उलटतो असा नियम केलात तर जो झोपणारच नाही तो शुक्रवारात पोचेल, आणि वाचक हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारतो. मी पहाटे ५:१२ ही घड्याळातली वेळ धरली. या वेळेला अण्णा शटर उघडून दुधाच्या पिशव्या क्रेटमधून काढत असतात. म्हणजे दर फेरीत ते उभेच असतात, हातात थंड पिशवी असते आणि अंगात बुधवारच्या रात्रीची अपुरी झोप असते. आदल्या फेरीत दुखावलेली कंबर बरी होते, पण ती चार तासांची झोप कधीच भरून निघत नाही.

या वेळेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती फार आवडते. शुक्रवारचा पेपर पावणेपाचला नाक्यावर येतो. म्हणजे दिवस उलटण्याआधी अण्णांच्या हातात सत्तावीस मिनिटं तो पेपर असतो. गुरुवारी ठाण्यात दुसरीकडे काय झालं, ते त्यांना तिथून कळू शकतं. पण छापायला गेल्यानंतरचं काहीच कळत नाही, आणि त्यांनी दिवसात काही मोठं बदललं तर त्या दिवसाची बातमीही बदललेली असते. चक्राची सीमा मध्यरात्री धरली असती तर हा पेपर हाती आलाच नसता. नायकाला बाहेरच्या बातम्या हव्यात की नकोत, हे वेळ ठरवतानाच ठरतं.

तिसरी चूक: न हात लावलेल्या गोष्टी बदलणं. अण्णांच्या कृतीचा परिणाम त्यांच्यापासून पुढे पुढे सरकतो, एका क्षणात शहरभर पसरत नाही. दुकान सकाळी अर्धा तास बंद ठेवलं म्हणून ४:१० चा पाऊस हलत नाही. एवढ्याशा बदलाने हवामान फिरायला काही दिवस लागतात. शेजारच्या काकू ९:१० ला घरातून निघतातच, कारण त्यांना त्याचा पत्ता नाही. पण दुकानात रांग वेगळी असेल, आधीचं गिऱ्हाईक वेगळं काही बोललेलं असेल, तर काकूंचं तेच वाक्य जसंच्या तसं येणार नाही. माझ्या खर्ड्यात ते येत होतं. मी एका कागदावर दोन रकाने केले: आपसूक काय घडतं आणि अण्णांच्या हातातून काय जातं. दुसऱ्या रकान्यातली माणसं तीच राहतात, त्यांची वाक्यं सुटी होतात.

आता सगळ्यात अवघड भाग, सुटकेची अट. मी आधी लिहिलं होतं: बाळू पडला नाही की चक्र थांबतं. वाचताना चांगलं वाटतं. पण दुसऱ्याच फेरीत अण्णांनी बाळूला सहा वाजता जांभळी नाक्याच्या बाजारात पाठवलं होतं. तो पडला नाही, तरी चक्र चालू! वाचकाने हे पकडलं की पुढची सगळी पानं वाया. म्हणून शेवटची अट ठरवल्यावर आधीच्या प्रत्येक फेरीला ती लावून पाहा. कुठेही ती आधीच पूर्ण होत असेल तर एक तर अट बदला, नाही तर ती फेरी.

मी अट बदलली: त्या दिवशी शिडीवरून कुणीच पडता कामा नये. आता फेऱ्या अशा बसल्या. पहिलीत बाळू पडतो. दुसरीत तो बाजारात असतो, उदबत्तीचा खोका काढायला अण्णा स्वतः चढतात आणि तेच घसरतात, कंबर तिथे दुखावते. तिसरीत ते शिडीजवळ उभे राहून पाहतात, कारण पडण्याचं कारण त्यांना अजून माहीतच नाही. पहिल्या खर्ड्यात मी ते त्यांना फुकट दिलं होतं, आणि पहिल्या फेरीत तर ते मागच्या खोलीत तांदूळ मोजत होते. काकूंची छत्री शिडीच्या पायाशी गळते, एवढं त्यांना दिसतं. तेवढ्यात गिऱ्हाईक पैसे गेले की नाही म्हणून हाक मारतं, ते वळतात आणि बाळू पडतो. चौथीत दाराबाहेर छत्र्यांसाठी बादली. फरशी कोरडी, तरी बाळू पडतो, कारण पावणेसहाला टेम्पोतून गोण्या उतरवताना त्याच्या चपला भिजलेल्या असतात. पाचवीत बादली आहेच, शिवाय शिडीखाली गोणपाट आणि बाळू अनवाणी.

प्रत्येक फेरीखाली मी एक ओळ लिहितो: अण्णांना या फेरीत नवीन काय कळलं, आणि ते त्यांनी कुठे उभं राहून पाहिलं. ओळ रिकामी राहिली तर ती फेरी काढून टाकतो. पुढच्या फेरीत अण्णा जे वापरतात ते मागच्या एखाद्या ओळीत सापडलं नाही, तर तिथे गोष्ट फसवते आहे.

एक परिणाम मात्र लेखक हमखास विसरतात. ही शेवटची फेरी आहे, हे अण्णांना त्या फेरीत कळू शकत नाही. ५:१२ उलटल्यावरच कळतं. त्यामुळे त्या दिवशी जे काही केलं ते सगळं कायमचं राहतं. पाचव्या फेरीत रात्री नऊला अण्णा, सकाळी सगळं परत येणारच या भरवशावर, काकूंची २,८६० रुपयांची उधारी वहीत आडवी रेघ मारून काटतात. मालाच्या व्यापाऱ्याला फोनवर मनात साठलेलं सगळं बोलून टाकतात.

शुक्रवारी पहाटे ते क्रेटपाशी वाकलेले असतात. घड्याळात ५:१२ होतात, मग ५:१३. दुधाच्या पिशव्यांवर शुक्रवारची तारीख असते. अण्णा हात पुसून वही उघडतात, आणि काकूंच्या नावावरची रेघ तशीच असते.