ईपीएस-95 : पेन्शनचा हिशेब करताना या चुका टाळा

खासगी नोकरीतून निवृत्त होणारा माणूस पेन्शनचा हिशेब बहुतेक वेळा स्वतःच करून ठेवतो आणि हातात आलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला, की पीएफ कार्यालयाची चूक झाली असे गृहीत धरतो. चूक कार्यालयाकडूनही होते, परंतु आधी आपला हिशेब तपासावा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 चे सूत्र एका ओळीचे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले 70. यातला ‘पेन्शनपात्र’ हा शब्द नजरेआड केला, की सगळे गणित बिघडते.

एक उदाहरण घेऊ. एक कामगार 1 सप्टेंबर 2006 रोजी योजनेचा सभासद झाला आणि 31 ऑगस्ट 2024 रोजी 58 वर्षांचा झाला. म्हणजे सेवा 18 वर्षे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्याचा शेवटचा पगार 32,000 रुपये होता. त्याने 32,000 ला 18 ने गुणून 70 ने भागले आणि सुमारे 8,229 रुपये धरले.

पहिली चूक शेवटच्या पगाराची. सूत्रात शेवटच्या महिन्याचा पगार नव्हे, तर शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी धरली जाते, आणि तीही वेतनमर्यादेच्या आत. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के पेन्शन निधीत जातात, पण ते 15,000 रुपयांवरच, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. ज्यांनी वाढीव वेतनावर पेन्शनचा पर्याय रीतसर घेतला आहे, त्यांचा हिशेब वेगळा. मर्यादा लावल्यावर आकडा 3,857 वर येतो. (पासबुकात पेन्शनच्या रकान्यात किती पैसे साठले, याचा या सूत्राशी संबंध नाही. तो रकाना पाहून पेन्शनचा अंदाज बांधू नये.)

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण मर्यादा ठाऊक असलेले लोकही ती करतात. 15,000 ची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून लागू झाली. त्याआधी ती 6,500 होती. म्हणून सेवेचे दोन तुकडे पाडावे लागतात. आपल्या कामगाराची आधीची 8 वर्षे 6,500 ने गुणून 70 ने भागली की 743 रुपये होतात, आणि नंतरची 10 वर्षे 15,000 ने गुणून 70 ने भागली की 2,143. खरे पेन्शन 2,886 रुपये.

याचाच अर्थ असा, की 2014 पूर्वीच्या प्रत्येक वर्षाची किंमत महिन्याला सुमारे 93 रुपये आहे आणि नंतरच्या वर्षाची सुमारे 214. हे दोन आकडे लक्षात ठेवले, तर तफावत कुठून आली हे घरबसल्या शोधता येते. मंजूर पेन्शन 2,886 ऐवजी 2,514 आले असेल, तर 372 रुपयांचा फरक म्हणजे जुनी 4 वर्षे गळाली आहेत. बहुधा पहिली नोकरी सोडताना तिथला पीएफ नव्या खात्यात वर्ग झालेला नसतो, किंवा त्याच वेळी फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे उचललेले असतात. वर्ग करायचे राहिले असेल, तर फॉर्म 13 भरून किंवा जुन्या सेवेचे योजना प्रमाणपत्र पेन्शनच्या अर्जाला, म्हणजे फॉर्म 10-डी ला, जोडून ती वर्षे मिळवता येतात. पैसे उचलले असतील, तर ती सेवा तिथेच संपली.

फरक 214 चा असेल, तर अलीकडचे एक वर्ष गेले आहे, आणि त्याचे कारण बहुतेकदा दिवसांत दडलेले असते. सहा महिने किंवा त्याहून अधिक उरले तर पूर्ण वर्ष धरतात, कमी उरले तर सोडून देतात. कागदावर 17 वर्षे 7 महिने दिसणाऱ्या सेवेतून बिनपगारी रजेचे दोन महिने वजा झाले, की 17 वर्षे 5 महिने उरतात आणि हिशेब 17 वरच थांबतो. हे दिवस ‘एनसीपी डेज’ या नावाने नोंदवलेले असतात. त्यांतले काही दिवस प्रत्यक्षात पगारी असतील, तर दुरुस्ती मालकाकडूनच करून घ्यावी लागते, आणि ती नोकरीत असतानाच करून घेणे सोपे जाते.

वर्षभर आधी पेन्शन घेणाऱ्यांची चूक निराळी असते. 58 पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कपात होते, हे त्यांना माहीत असते. मात्र सेवाही कमी झाली, हे विसरले जाते. आपला कामगार 57 व्या वर्षी थांबला असता, तर सेवा 17 वर्षे, त्यावर 2,671 रुपये आणि त्यातून 4 टक्के जाऊन सुमारे 2,565 रुपये मिळाले असते. ही कपात 58 पूर्ण झाल्यावर भरून निघत नाही.