‘धुरामुळे खोकला’ म्हणणाऱ्याला काय विचारावं?

‘अमक्यामुळे तमका आजार होतो’ असं सांगणाऱ्या अभ्यासाचं सादरीकरण ऐकायला जाण्याआधी त्याचा सारांश वाचून जा, एवढं मी गृहीत धरतो. ‘नमुना किती मोठा होता?’ हा प्रश्न मात्र घरीच ठेवा. तो सगळेच विचारतात आणि बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. चुकीच्या पद्धतीने गोळा केलेली माहिती दहापट वाढवली तरी चूक तशीच राहते, फक्त जास्त ठाम दिसते.

आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब कळावा म्हणून घेतलेत. समजा, कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवरचे २०० कामगार आणि शेतात राबणारे २०० मजूर तपासले. गुऱ्हाळवाल्यांपैकी ६० जणांना जुना खोकला निघाला, शेतमजुरांपैकी ४० जणांना. लगेच पडद्यावर येतं : ‘चुलवाणाच्या धुरामुळे खोकला दीडपट.’

पहिला प्रश्न : ‘बीडी ओढणारे आणि न ओढणारे वेगळे काढून पाहिलेत का?’ समजा, गुऱ्हाळावर बीडी ओढणारे १२० आहेत आणि शेतावर ४०. गुऱ्हाळावरच्या १२० पैकी ४८ खोकतात, शेतावरच्या ४० पैकी १६. दोन्हीकडे शंभरात ४०. न ओढणाऱ्यांत ८० पैकी १२ आणि १६० पैकी २४, म्हणजे दोन्हीकडे शंभरात १५. दीडपट गेली कुठं? ती सगळी बीडीची होती. कामाशीही जोडलेला आणि आजाराशीही जोडलेला असा तिसराच घटक मधे घुसला, यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

‘आम्ही बीडीचा हिशेब घेतलाय’ असं उत्तर आलं तर तिथं थांबू नका. ‘कसा घेतलात?’ हे विचारा. फक्त ‘ओढता का, हो की नाही’ एवढंच विचारलं असेल, तर दिवसाला दोन बीड्यावाला आणि दोन बंडलवाला एकाच खान्यात बसतात आणि घोळ अर्धा तसाच उरतो.

आता जिथं मी स्वतः तोंडघशी पडलो ते सांगतो. सुरुवातीला मला वाटायचं, जितके जास्त घटक हिशेबात धरायला लावावेत तितका आपला प्रश्न हुशारीचा. अशाच एका सभेत, धुराच्याच एका अभ्यासावर, मी ऐटीत विचारलं, ‘फुफ्फुसांची क्षमता सारखी असलेल्यांची तुलना केलीत का?’ सादर करणाऱ्या बाईंनी शांतपणे उलट विचारलं, ‘सर, ती क्षमता कमी कशानं झाली?’ मी गप्प बसलो. धूर आधी फुफ्फुसं खराब करतो आणि मग खोकला येतो, असं असेल तर क्षमता ही वाटेवरची पायरी आहे. ती सारखी करून तुलना केली की धुराचा खरा परिणामच पुसला जातो, आणि धूर निर्दोष ठरतो.

म्हणून एखादा घटक सुचवण्याआधी स्वतःला विचारा : हा घटक धुरामुळे तयार झालेला असू शकतो का? असू शकत असेल तर तो हिशेबात धरायचा हट्ट सोडा. वय आधीचंच असतं, ते बिनधास्त विचारा. ‘सगळं धरलंत का?’ हा प्रश्न सरसकट विचारायला शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे, तो यासाठीच.

पुढचा प्रश्न पक्षपाताचा, म्हणजे माणसं निवडतानाच निकाल एका बाजूला झुकण्याचा : ‘या अभ्यासात कोण आलेलंच नाहीये?’ ज्याला चुलवाणाजवळ श्वास घेववेना तो काम सोडून कधीच गेला. आज काहिलीपाशी उभे दिसतात ते टिकलेले. त्यामुळे धुराचा त्रास आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणजे पक्षपात नेहमी फुगवतोच असं नाही. तो कोणत्या दिशेला ढकलतो, हे विचारणारा विरळा.

तुलनेचा गट कुठून आणला, हेही विचारा. १९८१ मध्ये अमेरिकेत कॉफी आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संबंध जाहीर झाला आणि गाजला. तुलनेसाठी घेतलेले लोक त्याच डॉक्टरांचे दुसरे रुग्ण होते. त्यांत बरेच पोटाच्या विकारांचे, म्हणजे कॉफी आधीच कमी केलेले. साहजिकच कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पिणारे दिसले. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही.

धूर हेच कारण आहे का, हे चाचपायला आणखी दोन प्रश्न कामाचे. चुलवाणात चिपाड घालणाऱ्याला गुळाचे रवे बांधणाऱ्यापेक्षा खोकला जास्त आहे का? आणि गुऱ्हाळं बंद असतात त्या महिन्यांत गुऱ्हाळवाल्यांचा खोकला शेतमजुरांपेक्षा जास्त उतरतो का? ‘शेतमजुरांपेक्षा’ हे विसरू नका, कारण थंडी सरली की खोकला सगळ्यांचाच कमी होतो.

याची उत्तरं नसतील तर शेवटच्या स्लाइडवर बोट ठेवा आणि ‘धुरामुळे’ खोडून ‘धुरात काम करणाऱ्यांमध्ये’ असं लिहायला सांगा.